बुडालेले चौदा तास आणि मैत्रिणीची वही

वाचकाचं पत्र

मॅडम, मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तापामुळे दोन आठवडे घरीच होते. गणिताचे सहा, भौतिकशास्त्राचे पाच आणि रसायनशास्त्राचे तीन असे चौदा तास बुडाले, शिवाय एक प्रॅक्टिकल. वर्गातल्या सगळ्यात हुशार मैत्रिणीने तिच्या नोट्सच्या ५२ पानांचे फोटो पाठवलेत. मी पहिल्या पानापासून उतरवून काढायला घेतलं, तीन दिवसांत १४ पानं झाली. पण वर्गात सध्या डायगोनलायझेशन चाललंय, त्यातलं काही कळत नाही. नोट्समधलं उदाहरण पुढे सोडवून पाहिलं तर शून्य यायला हवं तिथे 4 येतोय. चाचणी आठवड्यावर आहे. वाटतं, चार-पाच दिवस तासांना न जाता आधी वही पूर्ण करावी. तसं करू का? मैत्रिणीला पुन्हा पुन्हा विचारायचा संकोच वाटतो. सोबत गणिताच्या दोन पानांचे आणि सहाही तासांच्या मथळ्यांच्या यादीचे फोटो जोडते आहे.

उत्तर

त्या 4 पासूनच सुरुवात करते, कारण तो कुठून आला हे तू पाठवलेल्या पानांवरच दिसतंय.

मैत्रिणीने उतरवलेलं मॅट्रिक्स आहे A = [[4, 1], [2, 3]], म्हणजे पहिली ओळ 4, 1 आणि दुसरी ओळ 2, 3. तिने det(A − λI) = 0 लिहिलं, त्यातून λ² − 7λ + 10 = 0 आलं आणि आयगेन व्हॅल्यू निघाल्या 5 आणि 2. इथवर सगळं बरोबर आहे. पुढे 5 साठी आयगेन व्हेक्टर लिहिलाय (1, 1), आणि 2 साठी (1, 2). हा दुसरा चुकला. तिथे (1, −2) हवा. फळ्यावरून लिहिताना एक उणे चिन्ह गळलं. तू तो (1, 2) विश्वासाने घेतलास, दोन्ही व्हेक्टर शेजारी ठेवून P तयार केलंस, त्याचं इन्व्हर्सही निघालं, त्यामुळे कुठे शंका येण्याचं कारण नव्हतं. डायगोनलायझेशनमध्ये P⁻¹AP केल्यावर मुख्य कर्णाबाहेर सगळीकडे शून्य उरायला हवं, पण तुझ्या उजव्या वरच्या कोपऱ्यात 4 उरला. तू केलेली आकडेमोड अचूक होती. तीन दिवस तुला वाटत राहिलं असेल की आपल्याला हा विषय जमत नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

ही चूक तुला अर्ध्या मिनिटात सापडू शकली असती. आयगेन व्हेक्टर म्हणजे असा व्हेक्टर, की त्याला A ने गुणलं तर तोच व्हेक्टर कुठल्यातरी पटीत परत मिळतो, आणि ती पट म्हणजे आयगेन व्हॅल्यू. (1, 1) ला गुण, (5, 5) मिळतं, म्हणजे पाचपट. (1, 2) ला गुण, (6, 8) मिळतं, आणि ती (1, 2) ची कुठलीच पट नाही. (1, −2) ला गुण, (2, −4) मिळतं, बरोबर दुप्पट. पण ही पडताळणी करायला आयगेन व्हेक्टर म्हणजे काय ते माहीत हवं, आणि त्या पानावर ते शब्दांत कुठेच नाही. वर एका चौकटीत Ax = λx एवढं आहे आणि त्याखाली बाण काढून det(A − λI) = 0. त्या बाणाच्या जागी सर नक्कीच पाच मिनिटं बोलले असतील.

मी बरीच वर्षं गणित शिकवलं आहे. फळ्यावर निष्कर्ष लिहायचा आणि कारण तोंडाने सांगायचं, अशी आम्हा शिक्षकांना सवय असते. वर्गात बसलेली मुलं फळा उतरवतात, कारण त्यांच्या कानांनी ऐकलेलं असतं आणि तेवढ्या खुणेवरून त्यांना बाकीचं आठवतं. तुझी मैत्रीण तो बाण बघते तेव्हा तिला सरांचं बोलणं आठवतं. तू बघतेस तेव्हा तुला फक्त बाण दिसतो. नोट्स कितीही सुवाच्य असल्या तरी त्या लिहिणाऱ्यासाठी लिहिलेल्या असतात, म्हणून मागून आणलेल्या वहीत आधी शोधायच्या त्या अशा बाणांच्या जागा.

तो बाण भरून दाखवते. Ax = λx हे (A − λI)x = 0 असं लिहिता येतं. या समीकरणाला x = 0 हे उत्तर कायमच आहे, पण त्याचा आपल्याला उपयोग नाही. शून्याखेरीज दुसरं उत्तर हवं असेल तर A − λI ला इन्व्हर्स असून चालणार नाही, कारण ते असेल तर दोन्ही बाजूंना त्याने गुणून x = 0 एवढंच उरेल. इन्व्हर्स नसणं म्हणजेच डिटरमिनंट शून्य असणं. म्हणून det(A − λI) = 0. वहीत जागा असेल तर ही चार-पाच वाक्यं त्या बाणाशेजारी तुझ्या शब्दांत लिही. तीन दिवस उतरवलेल्या चौदा पानांपेक्षा ती तुझ्या जास्त उपयोगी पडतील.

आता उतरवण्याबद्दल. एक पान नीट उतरवायला वीसेक मिनिटं लागतात असं धरलं, तर उरलेल्या ३८ पानांना साडेबारा तासांहून जास्त वेळ लागेल. तापातून उठल्यावर कॉलेज सांभाळून रोज अडीच तास अभ्यास झाला तरी खूप झालं. म्हणजे चाचणीच्या आधीचे पाच दिवस निव्वळ उतरवण्यात जाणार, आणि हाती काय येणार? जे फोटो तुझ्याकडे आधीच आहेत, त्यांची दुसरी प्रत. गळलेल्या उणे चिन्हासकट.

मी विद्यार्थिनी असताना घरच्या आजारपणामुळे माझे दहा-बारा दिवस बुडाले होते. मी चार रात्री जागून वही पूर्ण केली होती, मथळे लाल शाईत, सूत्रं चौकटीत. पाचव्या दिवशी वर्गात सरांनी आदल्या आठवड्यातली एक साधी व्याख्या विचारली. ती माझ्या वहीत होती, कुठल्या पानावर आहे तेही मला माहीत होतं, पण ती सांगता येईना. हात पानं भरत असताना मन दुसरीकडेच असतं, हे मला तेव्हा कळलं. म्हणून तुला सांगते, उतरवणं आजच थांबव. फोटो तारखेप्रमाणे तीन फोल्डरमध्ये लाव, शक्य असेल तर प्रिंट काढून मागच्या वह्यांना जोड. वही पूर्ण दिसण्याची हौस तेवढ्यावर भागव.

आणि तास बुडवू नकोस. तुझ्या पत्रातल्या या एका विचाराला मी स्पष्ट नाही म्हणते. चार-पाच दिवस घरी बसलीस तर चौदाचे वीस होतील, आणि पुन्हा कोणाच्या तरी नोट्सवर अवलंबून राहावं लागेल. वर्गात काही कळत नसलं तरी तिथे बसून तुला एक गोष्ट मिळते, जी नोट्समधून मिळणार नाही. मागच्या चौदा तासांतलं नक्की काय नडतंय, ते तिथे कळतं. वहीच्या पानाला डाव्या बाजूला दोन बोटं समास सोड. सरांनी एखादा शब्द किंवा पायरी गृहीत धरली आणि तुला ती माहीत नसली, की समासात तो शब्द आणि प्रश्नचिन्ह. समजून घ्यायचा खटाटोप त्या क्षणी करू नकोस, नाहीतर पुढची दहा मिनिटंही निसटतील. तास संपला की समासात पाच-सहा शब्द असतील. संध्याकाळचा अभ्यास त्यांच्यापासून सुरू करायचा.

इथे क्रमाचा प्रश्न येतो. तू पहिल्या पानापासून निघालीस, कारण मागे राहिलेलं सुरुवातीपासून भरायचं असतं असं आपल्याला वाटतं. मी उलट दिशेने जायला सांगेन. आज वर्गात जे चाललंय तिथून मागे चालत ये आणि जे लागतं तेवढंच उचल.

तुझ्या गणिताच्या सहा तासांवर हे करून बघू. फोटोंतल्या मथळ्यांच्या यादीवरून दिसतं की पहिले दोन तास डिटरमिनंटच्या गुणधर्मांचे, तिसरा आयगेन व्हॅल्यूचा, चौथा आयगेन व्हेक्टरचा, पाचवा केली-हॅमिल्टन प्रमेयाचा आणि सहावा सरावाचा. आज चाललंय डायगोनलायझेशन. त्यासाठी आयगेन व्हेक्टर काढता यायला हवेत, म्हणजे चौथा तास. आयगेन व्हेक्टरसाठी आधी आयगेन व्हॅल्यू, म्हणजे तिसरा तास. आणि तिसऱ्यासाठी पहिल्या दोन तासांतलं एकच वाक्य लागतं, डिटरमिनंट शून्य असेल तेव्हाच इन्व्हर्स नसतं, हे. बाकीचे गुणधर्म, दोन ओळींची अदलाबदल केली की चिन्ह बदलतं वगैरे, तुला दोन दिवस थांबले तरी चालतील. केली-हॅमिल्टनही थांबेल. चाचणीत तो असेल, पण उद्याच्या तासाला तो आडवा येणार नाही. म्हणजे आज आणि उद्या मिळून तुला सहा नव्हे, दोनच तास भरून काढायचे आहेत, आणि त्यातला एक आपण आत्ता वर अर्धा भरलासुद्धा. परवा वर्गात बसशील तेव्हा विषय पुन्हा हाती लागलेला असेल, आणि मग केली-हॅमिल्टन चालू आठवड्यातला एखादा मोकळा अर्धा दिवस घेईल.

भौतिकशास्त्रालाही हेच लागू पडतं, फक्त तिथे सिद्धता लांबलचक असतात. प्रत्येक सिद्धतेत आधी ती काय गृहीत धरते तेवढं शोध आणि शेवटचं समीकरण बघ. मधल्या पायऱ्या नंतर. रसायनाचे तीन तास पाठ्यपुस्तकातून वाचून बहुतेक भागतील, कारण तिथे पुस्तक आणि तास यांच्यात फार अंतर नसतं. नोट्समधून फक्त सरांनी काय वगळलं आणि कशावर भर दिला ते बघून घे.

आता मैत्रिणीबद्दल. तुला संकोच वाटतो, कारण "मला समजावून सांग" ही मागणी मोठी आहे, तिला अंत नाही. ती लहान कर. तिच्याकडे वीस मिनिटं माग, एकदाच, आणि तीही पुढच्या एक-दोन दिवसांतच. वहीत जे लिहिलेलं नाही ते फक्त तिच्या आठवणीत आहे, आणि आठवणीचं आयुष्य थोडं असतं. भेटशील तेव्हा विषय समजावून घेण्यात वेळ घालवू नकोस. प्रत्येक तासाबद्दल एवढंच विचार, की सरांनी सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवला, वर्गात कोणी काय शंका विचारली, आणि "हे लक्षात ठेवा" असं कशाला म्हणाले. हे तिला पटकन सांगता येईल, आणि पुस्तकात ते मिळत नाही.

शिवाय आणखी एकीची किंवा एकाची वही बघ, आणि ती दुसऱ्या क्रमांकाच्या हुशार विद्यार्थ्याचीच असावी असं नाही. हुशार मुलं बरेचदा कमी लिहितात. त्यांना स्वाभाविक वाटणाऱ्या पायऱ्या ती गाळून टाकतात, आणि तुला नेमक्या त्याच हव्या असतात. ज्याला वर्गात भराभर कळत नाही, तो धडपडत प्रत्येक पायरी लिहितो, सरांचं बोलणंही लिहितो, कधी शेजारी स्वतःची शंका लिहितो. दोन्ही वह्यांतलं एकच उदाहरण शेजारी ठेव. जिथे त्या जुळत नाहीत तिथे कोणीतरी चुकलंय. (1, 2) आणि (1, −2) समोरासमोर आले असते तर तू तीन दिवस त्या 4 च्या मागे लागली नसतीस. सगळी पानं ताडून बघायला वेळ नाही आणि गरजही नाही. सोडवलेली उदाहरणं आणि व्याख्या, एवढंच ताड.

मग एखादा तास खरोखर भरून निघाला हे ओळखायचं कसं? वाचताना सगळं ओळखीचं वाटायला लागतं, आणि त्या ओळखीवर विसंबून चालत नाही. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण एका आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. तुझी चाचणीही आठवड्याने आहे, म्हणून हा प्रयोग मुद्दाम सांगितला. आज रात्री वाचून जे पक्कं वाटेल, त्यावरून चाचणीच्या दिवशी काय होईल ते कळत नाही.

म्हणून प्रत्येक तासासाठी हे कर. पाऊण तास नोट्स आणि पुस्तक घेऊन बैस, बाणांच्या जागा भर. मग सगळं मिटून कोऱ्या कागदावर त्या तासातलं एक उदाहरण पहिल्यापासून सोडव, आणि प्रत्येक पायरीशेजारी "का" ते अर्ध्या ओळीत लिही. अडलीस तर लगेच वही उघडू नकोस, दोन मिनिटं अडून राहा, मग उघड. जिथे अडलीस ती पायरी वेगळ्या शाईत. दुसऱ्या दिवशी अभ्यासाला बसताना आधी दहा मिनिटं कालचं उदाहरण आकडे बदलून पुन्हा सोडव. मॅट्रिक्स [[4, 1], [2, 3]] ऐवजी [[2, 1], [1, 2]] घे. आयगेन व्हॅल्यू 3 आणि 1 आल्या पाहिजेत. पडताळायची एक सोपी खूण म्हणजे त्यांची बेरीज मुख्य कर्णावरच्या आकड्यांच्या बेरजेइतकी येते, इथे 4, आणि गुणाकार डिटरमिनंटइतका, इथे 3. दुसऱ्या दिवशी हे न बघता जमलं तर तो तास भरला. जमलं नाही तर तो यादीत राहील, वहीत तो कितीही सुंदर दिसत असला तरी.

अशाने एका तासाला साधारण सव्वा तास लागतो. अडीच तासांत दोन. सात दिवसांत चौदा, असा हिशेब जुळतो खरा, पण त्यावर विश्वास ठेवू नकोस. एक दिवस तब्येत साथ देणार नाही, एखादी सिद्धता दुप्पट वेळ खाईल. म्हणून अकरा तासांचंच नियोजन कर आणि तीन सोडून दे. कोणते सोडायचे ते आत्ताच ठरव, शेवटच्या रात्री नको. माझ्या मते सरावाचा सहावा तास, कारण चाचणीच्या तयारीत तो आपोआप होईल, आणि भौतिकशास्त्रातले असे दोन, ज्यांच्यावर पुढचं काही उभं नाही. ते चाचणीनंतरच्या रविवारी कर. आणि रात्री झोप. दोन आठवडे तापाने झिजलेल्या शरीराला जागरण झेपत नाही. परत आजारी पडलीस तर हे सगळं पुन्हा करावं लागेल.

एवढं करूनही दोन-तीन जागा अडतील. तेव्हा सरांकडे जा. शिक्षक म्हणून सांगते, "सर, माझे दोन आठवडे बुडाले, काय काय झालं?" असं कोणी विचारलं की आम्हाला काय उत्तर द्यावं तेच सुचत नाही, आणि "मित्रांच्या नोट्स घ्या" असं म्हणून आम्ही मोकळे होतो. पण कोणी कागद पुढे धरून "सर, इथवर जमलं, आयगेन व्हॅल्यू दोनदा तीच आली तर व्हेक्टर दोन मिळतील की एक, ते कळत नाही" असं म्हणालं, तर आम्ही थांबतो, कागद हातात घेतो, आणि विचारलं त्याच्या दुप्पट सांगतो. स्वतः सोडवलेला कागद सोबत असू दे. तिथे तुझं अडणं दिसतं.

बुडालेल्या प्रॅक्टिकलचा प्रश्न वेगळा आहे. तिथे नोट्सनी काम होत नाही. मैत्रिणीची रीडिंग घेऊन जर्नल पूर्ण करायचा मोह होईल, तो करू नकोस. ती मोजमापं तिच्या उपकरणावरची आहेत, तोंडी परीक्षेत एका प्रश्नात उघड होतं, आणि मुळात ते खोटं आहे. प्रयोगशाळेतल्या शिक्षकांना याच आठवड्यात भेटून, आजारपणाचा कागद दाखवून, दुसऱ्या बॅचबरोबर तो प्रयोग करू द्याल का असं विचार. प्रत्यक्ष प्रयोग चाचणीनंतर झाला तरी चालेल, विचारायला उशीर नको.

तर आज संध्याकाळी तिसरा तास, उद्या चौथा. आणि मैत्रिणीला भेटशील तेव्हा तुझे प्रश्न विचारण्याआधी ते पान उघडून तो (1, −2) तिला दाखव. त्याच वहीवरून तीही चाचणीला बसणार आहे.